बाळंतिणीचा एकच पाय सुजला तर

बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात पायांवर सूज असणं ही नेहमीची गोष्ट आहे. गरोदरपणात अंगात साठलेलं पाणी उतरायला वेळ लागतो, सिझेरियन झालं असेल तर सलाइनच्या बाटल्याही गेलेल्या असतात. दोन्ही घोटे फुगलेले दिसतात, बोट दाबलं की खळगा पडतो आणि हळूहळू सूज ओसरते. (दोन्ही पायांच्या सुजेबरोबर डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब लगेच तपासायला हवा, पण तो वेगळा विषय.) सूज एकाच पायाला असेल, तोच पाय दुखत असेल, हाताला दुसऱ्यापेक्षा गरम लागत असेल, तर मात्र ती बाळंतपणाची सूज समजून चालत नाही. अशा वेळी तेलाची वाटी बाजूला ठेवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना पाय दाखवायचा.

पायाच्या आतल्या, स्नायूंच्या खोलीत असलेल्या मोठ्या शिरेत रक्त गोठून गाठ बसते, तिला डॉक्टर डीप व्हेन थ्रोम्बोसिस किंवा थोडक्यात डीव्हीटी म्हणतात. हीच गाठ किंवा तिचा तुकडा सुटला, पोटातल्या मोठ्या शिरेतून वर चढला, हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून पुढे गेला आणि फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकला, की त्याला पल्मोनरी एम्बोलिझम म्हणतात. केसपेपरवर ही दोन निदानं वेगवेगळी लिहिली जातात, लक्षणंही वेगळी असतात. पण आजार एकच, फक्त मुक्काम बदललेला. पायातला आजार दुखतो, सुजतो, क्वचितच जीव घेतो. फुफ्फुसात पोहोचलेला आजार काही मिनिटांतही जीव घेऊ शकतो. पायापासून फुफ्फुसापर्यंतच्या या वाटेवर कधी काही तास जातात, कधी काही दिवस. तेवढाच वेळ घरच्यांच्या आणि सिस्टरांच्या हातात असतो.

शिरेत रक्त का गोठतं, याची तीन कारणं सांगितली जातात आणि त्यांच्याशी रुडॉल्फ फिर्शो या जर्मन डॉक्टरचं नाव जोडलेलं आहे. रक्ताचा प्रवाह मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्तच जास्त गोठाळ होणं, ही ती तीन कारणं. फुफ्फुसातली गाठ तिथे तयार झालेली नसून बहुधा पायातून आलेली असते, हेही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनीच दाखवून दिलं. 13 ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिवस आता जागतिक थ्रोम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो.

बाळंतिणीच्या शरीरात ही तिन्ही कारणं एकाच वेळी हजर असतात. प्रसूतीच्या वेळी फार रक्त जाऊ नये म्हणून निसर्गानं गरोदरपणातच रक्ताची गोठण्याची ताकद वाढवून ठेवलेली असते आणि ती बाळंतपणानंतर काही आठवडे तशीच राहते. वाढलेल्या गर्भाशयाचा दाब पडून ओटीपोटातल्या शिरांमधलं रक्त मंदावलेलं असतं. प्रसूतीत, विशेषतः सिझेरियनमध्ये, त्या शिरांना थोडीफार इजा होते. म्हणून गरोदरपणातल्या नऊ महिन्यांपेक्षा त्यानंतरचे सहा आठवडे जास्त धोक्याचे असतात आणि त्यातलेही पहिले काही दिवस सर्वांत जास्त. गरोदरपणाशी जोडलेली गाठ बहुतेक वेळा डाव्या पायात होते. उजव्या पायाकडे जाणारी धमनी ओटीपोटात डाव्या पायाच्या शिरेवरून ओलांडून जाते आणि तिला मागच्या मणक्यावर दाबते. डाव्या बाजूचं रक्त आधीच अडखळत वर चढत असतं.

आता आपल्या घरांतला सव्वा महिना पाहा. बाळंतिणीला विश्रांती मिळावी, खायला वेळेवर मिळावं, कोणी कामाला लावू नये, यात वाईट काहीच नाही. पण विश्रांतीचा अर्थ बाजेवरून उठायचंच नाही असा घेतला जातो. पोट सुटेल म्हणून पाणी मोजून मोजून दिलं जातं. शेक-शेगडीनं घाम येतो, अंगावरच्या दुधातून पाणी जातं, वर प्यायला दोन-चार भांडी पाणी. पोटरीचा स्नायू प्रत्येक पावलागणिक आकसतो आणि शिरेतलं रक्त वर ढकलतो. चालणंच थांबलं की हे ढकलणंही थांबतं. त्यात अंगातलं पाणी कमी झालं की रक्त आणखी गोठाळ होतं. सव्वा महिना जरूर पाळावा, पण दिवसातून अनेकदा घरातल्या घरात चालून आणि तहान भागेल एवढं पाणी पिऊन पाळावा. पाण्यानं पोट सुटत नाही.

मालीशवाल्या बाईचा प्रश्न जास्त नाजूक आहे, कारण तिच्या हातावर सगळ्या घराचा विश्वास असतो आणि बहुतेक बाळंतिणींना मालिशीनं बरंच वाटतं. पण शिरेत नुकतीच झालेली गाठ एका टोकालाच चिकटलेली असते. पाटाच्या कडेला धरलेलं शेवाळ जसं पाण्याबरोबर पुढे लांबत जातं, तसं तिचं मोकळं टोक रक्ताच्या प्रवाहात लांबत, डुलत असतं. पोटरी दाबत खालून वर तेल जिरवलं तर ते टोक तुटू शकतं. मालीश न करताही गाठ सुटते, आणि फुफ्फुसात गेलेल्या बहुतेक गाठी अशा आपोआपच सुटलेल्या असतात. म्हणून मालीशवाल्या बाईला आरोपी करू नये. तिला फक्त सांगून ठेवावं की एक पाय सुजलेला, दुखणारा, गरम असेल तर त्याला हात लावायचा नाही. आमच्या मते या बायकांना हे एक लक्षण शिकवलं, तर घरोघर जाणारी तपासनीसच मिळेल, कारण बाळंतिणीचे उघडे पाय रोज पाहणारी तीच एक बाई असते.

पुढची हकीकत कुणा एकीची नाही. अशा अनेक रुग्णांच्या बाबतीत जे पुन्हा पुन्हा घडतं, ते इथे एकत्र केलं आहे. बाई 34 वर्षांची, वजन 80 किलो, हे दुसरं बाळंतपण. कळा सुरू झाल्यावर बाळाचे ठोके बिघडले म्हणून तातडीचं सिझेरियन. चौथ्या दिवशी डिस्चार्ज, तिथून माहेरी. सातव्या दिवशी डावी मांडी आणि पोटरी ठणकायला लागली. जांघेतही ओढल्यासारखं होत होतं. शीर आखडली असेल, असं आईला वाटलं आणि दोन दिवस तोच पाय जास्त चोळला गेला. आठव्या दिवशी डाव्या पायातली चप्पल घट्ट होऊ लागली. नवव्या दिवशी सकाळी अंघोळीला उठताना एकदम दम लागला, छातीत धडधडलं आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन ती दाराशीच खाली बसली. घरच्यांनी अशक्तपणा समजून लिंबू सरबत दिलं. अर्ध्या तासानंही दम कमी होईना, तेव्हा 108 ला फोन लावला.

त्या घराला सातव्या दिवशीच काय दिसू शकलं असतं? शिवणकामाची टेप असती तरी पुरलं असतं. गुडघ्याखाली पुढच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या खाली 10 सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायचा. दोन-तीन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक असेल तर शंका पक्की धरायची. मात्र फरक कमी आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. गाठ ओटीपोटातल्या शिरेत असेल तर सुरुवातीला फक्त जांघ, कुल्ला किंवा ओटीपोटाची एक बाजू दुखते, आणि बाळंतिणीचं पोट तर सिझेरियननं दुखतच असतं. पाऊल वर वाकवून पोटरीत दुखतं का, हे पाहण्याची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी वापरली जाते. तिच्यावर भरवसा ठेवण्यासारखं काही नाही, तेव्हा ती सोडलेलीच बरी. काही जणींना पायाचं कोणतंच लक्षण नसतं, पहिली खूण थेट दम लागण्याचीच असते.

फुफ्फुसातल्या गाठीची खूण म्हणजे अचानकपणा. बाळंतिणीला रक्त कमी असलं तरी दम लागतो, पण तो दिवसेंदिवस वाढत जातो. हा दम एका क्षणी सुरू झालेला असतो आणि बाई तो क्षण सांगू शकते. गाठ लहान असेल तर फुफ्फुसाच्या कडेला इजा होते. श्वास घेताना सुरी टोचल्यासारखी छातीत कळ येते, कधी थुंकीतून रक्त पडतं. मोठी असेल तर हृदयाच्या उजव्या कप्प्याला पुढे रक्त ढकलता येत नाही. मग नाडी पळते, घाम फुटतो, चक्कर येते, शुद्ध जाते. अनेक रुग्ण म्हणतात की आता काही खरं नाही असं वाटलं. ते भ्यायल्यामुळे बोलत आहेत, असं समजून गप्प करू नये.

कॅज्युअल्टीत आलेल्या त्या बाईच्या बोटाला सिस्टरनं पल्स ऑक्सिमीटर लावला. ऑक्सिजन 86 टक्के, नाडी मिनिटाला 132, श्वास 34, रक्तदाब 98 वर 64, ताप नाही. छातीला स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजूंना हवा नीट जात होती. इतका दम आणि छाती स्वच्छ, या विसंगतीनंच सिस्टरला थांबवलं. "ताई, डिलिव्हरी कधी झाली? पाय दाखवा बरं." साडी वर केली तर डावा पाय मांडीपर्यंत सुजलेला. टेप लावली, डावी पोटरी 41 सेंटिमीटर, उजवी 36.

यानंतरच्या दहा मिनिटांत काय करायचं, हे नर्सिंगच्या अनुभवी लोकांच्या हाताला ठाऊक असतं. सिस्टर पेशंटजवळून हलली नाही. मामांना डॉक्टरांकडे पाठवलं, मावशींना क्रॅश ट्रॉली आणायला सांगितली. पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, कारण रक्तदाब अजून तग धरून होता. तो खूप पडला असता तर आडवं ठेवावं लागलं असतं. पिशवीवाला ऑक्सिजन मास्क घेतला, प्रवाह 15 लिटरवर ठेवला आणि पिशवी पूर्ण फुगल्यावरच तो तोंडावर बसवला. रिकाम्या पिशवीचा मास्क घाईत लावला की पेशंटचा जीव आणखी कोंडतो. मॉनिटर लावला, ईसीजी काढला. दोन्ही हातांना जाड सुया लावल्या, त्यातूनच तपासण्यांचं आणि रक्तगटाचं रक्त घेतलं. वजन विचारून केसपेपरवर ठळक लिहिलं, कारण पुढची सगळी औषधं वजनावर ठरणार होती.

काय केलं नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. दुखण्याचं इंजेक्शन कमरेत किंवा दंडात दिलं नाही. थोड्याच वेळात रक्त पातळ करणारं औषध सुरू होणार असतं आणि स्नायूत टोचलेल्या जागी मोठा रक्ताचा गोळा होऊ शकतो. रक्तदाब कमी दिसला म्हणून सलाइनही धडाधड सोडलं नाही. उजवा कप्पा आधीच फुगलेला असतो, त्यात जास्त पाणी भरलं तर तो आणखी ताणला जातो आणि रक्तदाब वाढायच्या ऐवजी उतरतो. सलाइन द्यायचंच असेल तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून, थोडं, पाव ते अर्धा लिटर, आणि समोर उभं राहून. पेशंटला बाथरूमला चालत जाऊ दिलं नाही. सुजलेल्या पायाला पट्टी बांधली नाही.

डॉक्टर फोनवर असताना सिस्टर म्हणाली, "सर, 34 वर्षांची, सिझेरियनचा नववा दिवस, तासाभरापूर्वी एकदम दम लागलाय. डावा पाय पाच सेंटिमीटरनं जास्त सुजलाय. सॅच्युरेशन 86, मास्कवर 93 झालं, पल्स 132, बीपी 98. मला पल्मोनरी एम्बोलिझम वाटतोय, तुम्ही लगेच या." शेवटचं वाक्य अनेक सिस्टर मनात ठेवतात, निदान करणं आपलं काम नव्हे म्हणून. आपल्याला काय वाटतं हे सांगणं हा निदानावर हक्क सांगणं नव्हे. ते ऐकूनच डॉक्टर जिना चढता चढता सीटी स्कॅनवाल्यांना फोन लावतात.

शंका इतकी दाट असेल आणि रक्तस्राव चालू नसेल, तर रिपोर्टची वाट न पाहता हेपॅरिन सुरू करतात. हेपॅरिन झालेली गाठ विरघळवत नाही. ते तिला वाढू देत नाही आणि नवी होऊ देत नाही. विरघळवण्याचं काम शरीर स्वतः हळूहळू करतं. या बाईला सुरुवातीला किलोमागे 80 युनिट, म्हणजे 6400 युनिट शिरेतून एकदम आणि मग तासाला किलोमागे 18, म्हणजे 1440 युनिट सिरिंज पंपावर. इथे एक धोक्याची जागा आहे. हेपॅरिनची पाच मिलीची कुपी 5000 युनिटचीही मिळते आणि 25,000 युनिटचीही, आणि घाईत दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून एका सिस्टरनं भरायचं आणि दुसरीनं कुपीवरचा आकडा मोठ्यानं वाचायचा, हा नियम मोडायचा नाही. सहा तासांनी रक्ताची तपासणी करून पंपाचा वेग बदलतात.

फुफ्फुसाचा सीटी अँजिओग्राम काढताना सिस्टर ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर आणि मॉनिटर घेऊन बरोबर गेली. उजव्या फुफ्फुसाच्या मुख्य धमनीत गाठ दिसली, डावीकडच्या फांद्यांतही लहान तुकडे होते. पायाच्या डॉप्लर सोनोग्राफीत मांडीपासून ओटीपोटापर्यंतची शीर बंद होती. रक्तातल्या डी-डायमर या तपासणीचा इथे उपयोग नव्हता, कारण नुकत्याच बाळंत झालेल्या बाईत ती तशीही वाढलेली असते.

वरचा रक्तदाब 90 च्या खाली जाऊन तिथेच राहिला असता, तर गाठ विरघळवणारं औषध द्यायचं की नाही, हा कठीण निर्णय घ्यावा लागला असता. नऊ दिवसांपूर्वी शिवलेलं गर्भाशय त्या औषधानं पुन्हा रक्त सोडू शकतं. जीव जात असेल तर तो धोका पत्करतात, पण स्त्रीरोगतज्ज्ञ शेजारी उभे असताना आणि रक्ताच्या पिशव्या तयार ठेवून. मोठ्या केंद्रात नळी घालून गाठ काढण्याचीही सोय असते. या बाईवर ती वेळ आली नाही. हेपॅरिनवर असताना सिस्टर दर पाळीत तिचे पॅड, टाके, हिरड्या, लघवीचा रंग पाहत होत्या. नाडी दोन दिवसांत शंभराच्या खाली आली. पुढे किमान तीन महिने औषध घ्यायचं ठरलं. बाळाला अंगावर पाजणं चालूच राहिलं, कारण हेपॅरिनची इंजेक्शनं आणि वॉरफरिन चालू असताना पाजता येतं. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या मात्र पाजणाऱ्या आईला देत नाहीत.

हे सगळं टळलं असतं का? खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही, पण शक्यता बरीच होती. ब्रिटनमध्ये 2003 ते 2005 या तीन वर्षांत अशा गाठींनी 41 माता दगावल्या. 2004 साली तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेनं प्रत्येक बाळंतिणीचा धोका मोजून ज्यांना गरज आहे त्यांना प्रतिबंधक इंजेक्शन देण्याची पद्धत घालून दिली. 2006 ते 2008 या पुढच्या तीन वर्षांत हा आकडा 18 वर आला. तिथल्या पुढच्या नियमानुसार कळा सुरू झाल्यावर सिझेरियन झालेल्या बाईला साधारण 10 दिवस रोज एक हेपॅरिनचं इंजेक्शन देण्याचा विचार करतात. आधी कधी गाठ झालेली असेल तर सहा आठवडे. आपल्याकडे हे इंजेक्शन अनेकदा डिस्चार्जच्या दिवशीच थांबतं, म्हणजे धोका चालू असताना आणि चालणं कमी होताना.

घरी हे इंजेक्शन घेणं अवघड नाही. भरलेली सिरिंज मिळते. बेंबीपासून तीन-चार बोटं लांब, टाके सोडून, पोटाची कातडी चिमटीत धरायची आणि सुई सरळ उभी घालायची. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, टोचल्यावर जागा चोळायची नाही, रोज बाजू बदलायची. मंडळी चोळतात आणि मग काळानिळा डाग पाहून घाबरून औषधच सोडून देतात.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हटकून सांगावी लागते. गणपतीसाठी, लग्नासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून सहज आणल्या जातात. ज्या बाईला आधी गाठ झाली आहे, किंवा घरात आई-बहिणीला झाली आहे, तिनं त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. बाळंतपणानंतर गर्भनिरोधक गोळी सुरू करायची असेल तरी, इस्ट्रोजेन असलेली गोळी पहिल्या सहा आठवड्यांत नको.

घरात बाळंतीण येणार असेल, तर डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरला एवढं नक्की विचारा: हिला गाठीचा धोका जास्त आहे का, इंजेक्शन घरी किती दिवस द्यायचं, आणि रात्री-अपरात्री एक पाय सुजला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. उत्तरं डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पाय सुजला तर त्याच दिवशी दाखवा, आणि एकदम दम लागला तर पाणी-सरबतात वेळ न घालवता 108 ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की बाई नुकतीच बाळंत झाली आहे.